दुप्पट वेगाचे सर

गोदामातला कारकून बँकेच्या परीक्षेसाठी ऑनलाइन कोर्स घेऊन भलताच खूश होता. नोकरीवरून आला की जेवता जेवता सरांचे व्हिडिओ दुप्पट वेगाने फस्त करायचा.

"अहो, हात फक्त घासासाठी चालतोय, गणितं सोडवायला नाही," बायको म्हणाली आणि तिने त्याला त्याच सरांच्या रविवारच्या क्लासला पिटाळलं.

प्रत्यक्षातले सर इतके सावकाश बोलत होते, की त्यांना बरं नसावं अशी त्याला शंका आली. तेवढ्यात सरांनी त्यालाच फळ्यापाशी बोलावलं. गणित ओळखीचंच होतं. खडू घेऊन तो ऐटीत उभा राहिला, आणि उभाच राहिला.

"अहो, थांबलात का?"

"सर, हे गणित मला पाठ आहे. इथून पुढे तुम्ही सोडवता."