गुळाच्या रव्यावरची कापडाची घडी

कोल्हापुरात माझा पॅकेजिंगचा छोटा स्टुडिओ आहे. मसाले, चटण्या, गूळ यांचे खोके आणि पाकिटं आम्ही डिझाइन करतो. मूळचा मी बोर्ड रंगवणारा. जुनी गिऱ्हाइकं अजून मला पेंटर म्हणूनच हाक मारतात. आता चित्रं बरीचशी संगणकाकडून करून घेतो. चित्र कसं हवं ते त्याला शब्दांत लिहून द्यायचं, त्याला प्रॉम्प्ट म्हणतात. हे लिहिणं मला नीट जमत नव्हतं. माझ्याकडे नऊ वर्षं काम करणारी डिझायनर म्हणाली, "सर, एक नवीन पदवीधर घेऊ या. फक्त प्रॉम्प्ट लिहायला." मी जाहिरात टाकली.

त्या जाहिरातीपासूनच मला कबुली द्यायला हवी. तेव्हा एका गूळ व्यापाऱ्याच्या खोक्यावर मी अडकलो होतो. त्यांनी माझं चित्र बघून सांगितलं होतं, "पेंटर, ह्यो गूळ न्हाय. अंगाचा साबण हाय." नेमकं तेच चित्र मी जाहिरातीत घातलं आणि खाली लिहिलं, अर्जासोबतच्या पत्रात या चित्रात काय चुकलं आहे ते कळवावं. मला माणूस हवा होता की उत्तर, हे मी त्या वेळी स्वतःला विचारलं नाही.

वीसेक पत्रं आली. बहुतेक एकाच साच्यातली, मेहनती आहे, शिकण्याची आवड आहे. कुरुंदवाडजवळच्या एका गावातल्या मुलीचं पत्रही तसंच इंग्रजीत सुरू झालं होतं. दुसऱ्या परिच्छेदात तिने लिहिलं होतं, "पुढचं मराठीत लिहिते, कारण गुळाचं मला मराठीतच माहीत आहे."

ते पत्र मला आजही जवळजवळ पाठ आहे. "तुमची गुळाची ढेप, आम्ही तिला रवा म्हणतो, सगळीकडून गुळगुळीत आहे. आमच्याकडे बादलीसारख्या साच्यात आधी कापड घालतात, मग त्यात गूळ भरतात. रवा बाहेर काढला की त्याच्या अंगावर कापडाच्या घड्या उमटलेल्या दिसतात. आणि तुमच्या चित्रात गूळ सुरीने कापलाय. गूळ फोडतात. फोडलेल्या बाजूला दाणा दिसतो आणि तिथला रंग बाहेरच्यापेक्षा उजळ असतो."

खाली तिने स्वतः फोनवर करून पाहिलेले तीन प्रयत्न जोडले होते. "नुसतं नाव दिलं तर यंत्र कधी साबण देतं, कधी खजूर. म्हणून वस्तूचं नाव कमी आणि ती दिसते कशी, हे जास्त लिहिलं. उजेड एका बाजूने मागितला, नाहीतर घड्या दिसत नाहीत. वरचा एक तृतीयांश भाग मोकळा ठेवला आहे. तिथे नाव तुम्ही नंतर टाकाल, कारण यंत्र आपली अक्षरं चुकवतं." मग पूर्ण प्रॉम्प्ट. शेवटी दोन वाक्यं होती. तिचे वडील गुळव्या, म्हणजे कढईतला रस कधी उतरवायचा ते ठरवणारे. आणि असलं काम मिळेपर्यंत थांबायला तिने घरच्यांकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली होती. ती संपली की मामा बघतील त्या ऑफिसात नोकरी.

त्याच दुपारी मी तिचा प्रॉम्प्ट उचलला आणि आमच्या संगणकात टाकला. तिसऱ्या चित्रात गूळ आला. मी नमुना छापून नेला. व्यापाऱ्यांनी त्यावर अंगठा फिरवला आणि ते म्हणाले, "आता हाय की आमचा गूळ! हे कापडाचं कुणी सांगितलं?"

"बघितलं होतं कुठंतरी," मी म्हणालो.

त्यांनी मला चहा पाजला. दोन दिवसांनी मी त्या मुलीला मेल पाठवला. आपली निवड झालेली नाही, शुभेच्छा. मनात हिशेब सरळ होता. उत्तर मिळालं होतं, मग माणूस कशाला? आणि ती आली असती तर तिने खोका बघितला असता.

तरुणपणी मी ज्यांच्या हाताखाली शिकलो, ते मी रंगवलेल्या बोर्डाच्या कोपऱ्यात स्वतःची सही करायचे. मला त्याचा किती राग यायचा! मेल पाठवताना मला ते आठवलं होतं. आठवलं नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

महिन्याभराने त्याच व्यापाऱ्यांनी काकवीच्या बाटलीचं काम दिलं. चार दिवस मी झटलो. प्रत्येक वेळी मध यायचा. एकदा तर मी न मागता मधमाशीही आली. पाचव्या दिवशी मी तिचं पत्र पुन्हा उघडलं, आणखी काही मिळतं का बघायला. डिझायनर मागेच उभी होती.

"त्यात काकवीचं काही नाही सर. मी बघितलंय."

मी मागे वळलो. "तुला ठाऊक होतं?"

"छापायला फाइल कोणी पाठवली? मीच ना. पत्रही मीच उघडलं होतं. मी गप्प बसले, ते माझंही चुकलंच." मग ती म्हणाली, "तिला फोन करा. काय बोलायचं ते मात्र मला विचारू नका."

दिवाळीला तीन आठवडे होते. मी फोन केला आणि एवढंच म्हणालो, एकदा येऊन जा. ती येणार त्या सकाळी मी खोका ड्रॉवरमध्ये टाकला. ती येऊन खुर्चीत बसली, पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून. ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागत होता. मी खोका काढून तिच्यापुढे ठेवला.

तिने तो उचलला, उजेडाकडे नेला, घड्यांवरून बोट फिरवलं. आणि हसली. "चालला का सर माझा प्रॉम्प्ट?"

त्या हसण्याची माझी तयारी नव्हती. "चालला. तुझं पत्र आलं त्याच दुपारी."

हसू हळूहळू गेलं. "आणि मला मेल आला तो...?"

"त्यानंतर. मीच पाठवला. तू आलीस तर हे बघशील म्हणून."

तिने खोका टेबलावर ठेवला. मग तिच्या बोलण्यात घरची भाषा आली. "मला वाटलं, मराठीत लिवलं म्हणून नको म्हणाला. त्याच्यानंतर चार ठिकाणी समदं इंग्रजीतनं पाठवलं. वडलांचं काढून टाकलं त्यातनं. एकाचंबी उत्तर न्हाय आलं."

मी तिच्यासमोर व्यापाऱ्यांना फोन लावला, स्पीकरवर, आणि सगळं सांगितलं.

"म्हंजे काम पोरीचं आन् चहा तुमाला पाजला व्हय मी?"

"व्हय."

"लाज वाटली न्हाय?"

"वाटतीय."

"हाय का ती तिथं? कुणाची गं तू?"

"गुळव्याची," ती म्हणाली.

"मग बरोबर हाय. काकवीचं हिलाच करू द्या की पेंटर. तुमी बोर्ड रंगवा."

डिझायनर हसली. ती मुलगी हसली नाही. मी नोकरी देऊ केली तेव्हा म्हणाली, "घरी विचारून सांगते," आणि गेली. तीन दिवस फोन आला नाही. ती नाही म्हणाली असती तर मला बोलायला तोंड नव्हतं.

चौथ्या दिवशी ती डबा घेऊनच आली. काकवीचा प्रॉम्प्ट लिहायला तिला एक सकाळ लागली. चमच्यावरून सावकाश उतरणारी धार, कडेला लालसर, मधे जवळजवळ काळी. मधमाशी आली नाही.

दोन वर्षं झाली. ती चांगलं काम करते, माझ्याशी नीट बोलते, चेष्टाही करते. पण माझ्याकडे येणाऱ्या तिच्या प्रत्येक प्रॉम्प्टच्या वर तारीख असते आणि पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. डिझायनरला पाठवते त्यावर नसतं. मी कधी कारण विचारलेलं नाही. फाइल पुढे पाठवताना ती पहिली ओळ पुसली जाणार नाही, एवढं मात्र दर वेळी बघतो.