एकवीस चेहरे, एकच रंग

ठाण्यात मी फोटोचं दुकान थाटलं तेव्हा गावात कॅमेरा असलेला मी एकटाच. त्यामुळे माझ्या अंगी ज्ञान फार आहे असा लोकांचा समज होता, आणि तो मोडण्याची मला काही घाई नव्हती.

त्या साली हायस्कूलच्या हेडमास्तरांनी मला बोलावलं. विलायतेतल्या शाळांत दर वर्षी एक पुस्तक निघतं, त्यात प्रत्येक मुलाचा चेहरा असतो, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. बक्षीस समारंभाला कलेक्टरसाहेब येणार होते. त्यांच्या हाती तसंच पुस्तक द्यायचं होतं.

"मॅट्रिकचे एकवीस विद्यार्थी," हेडमास्तर म्हणाले. "सगळे एकसारखे दिसले पाहिजेत. एकाच मापाचे, एकाच रंगाचे. सरस्वतीच्या दारात लहानमोठा कुणी नाही. समजलं?"

मला समजलं. त्यांनाच समजलं नव्हतं हे पुढे कळलं.

शाळेच्या उत्तरेकडच्या ओसरीवर मी बस्तान मांडलं, कारण तिथे ऊन येत नाही आणि उजेड सारखा राहतो. मागे चौकटीवर करडी चादर ताणली आणि मुलाचं स्टूल तिच्यापासून तीन हात पुढे ठेवलं, म्हणजे सावली चादरीवर पडत नाही आणि सुरकुत्याही दिसत नाहीत. कॅमेऱ्याचे तीन पाय आणि स्टुलाचे चार, सगळ्यांभोवती खडूने खुणा केल्या. कॅमेऱ्याच्या मागच्या धुरकट काचेवर पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या, एक डोळ्यांची आणि एक हनुवटीची. बुटका मुलगा आला की स्टुलावर पाट ठेवायचा, उंच आला की काढून घ्यायचा. डोळे रेघेवर आले की झालं.

अडचण डोक्यांची नव्हती, डोक्यांवरची होती. कुणाला पगडी, कुणाला पागोटं, कुणाला गोल टोपी. मी आधी सगळ्यांत उंच पगडी शोधून काढली आणि तिच्या मापाने जस्ताच्या पत्र्याचा लंबगोल साचा कापून घेतला. छापलेल्या प्रत्येक फोटोवर तो साचा ठेवून चाकू फिरवायचा. टोपीवाल्यांच्या डोक्यावर थोडं आभाळ जास्त राहिलं, पण चेहरे सगळे एका मापाचे झाले.

सर्वांत उंच पगडी कलेक्टर कचेरीतल्या शिरस्तेदारांच्या चिरंजिवांची होती. ती लाल होती आणि ज्या काचांवर मी फोटो घेतो त्यांना लाल रंग दिसतच नाही, तो काळा उमटतो. शिरस्तेदार नमुना बघायला दुकानात आले आणि उभ्याउभ्याच तापले.

"आमच्या घरात सुतक आहे का? पगडी काळी कशी?"

मी समजावलं. त्यांनी ऐकलं नाही, पण दुसरा मुद्दा काढला. "बरं, पगडी राहू द्या. मुलगा सावळा का दिसतो?"

मुलगा सावळाच होता. त्याचे वडील त्याहून.

"थोडा उजळ करा," ते म्हणाले. "आमच्या मुलात आणि त्या मिठागरवाल्याच्या पोरात काही फरक दिसायला नको?"

मिठागरवाल्याचा पोरगा म्हणजे वर्गातला पहिला नंबर. खाडीकाठी त्यांचं मिठागर होतं, आणि त्यांच्या अख्ख्या गावातून मॅट्रिकपर्यंत पोचलेला तो पहिलाच. त्याचे वडील फोटोच्या दिवशी ओसरीच्या खाली हात बांधून उभे होते. फोटो झाल्यावर मला विचारलं, "दादा, बूट दिसतील ना?"

"नाही हो, फोटो छातीपर्यंतच."

"मंग बूट कनाला घेतलं?" त्यांनी मुलाकडे बघितलं. मुलगा लाजून जमिनीत गेला आणि त्याच्या पायांतले नवे बूट कुरकुरले.

शिरस्तेदारांना मी "बघतो" म्हणालो. दुसऱ्या दिवशी हेडमास्तर स्वतः दुकानात आले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "त्यांचं तेवढं करून टाका. शाळेच्या ग्रँटचे कागद त्यांच्याच टेबलावरून जातात."

"पण सरस्वतीच्या दारात..."

"अहो, सरस्वतीला ग्रँट लागत नाही."

नाही म्हणायला हवं होतं. मी नाही म्हणालो नाही. कचेरीचं कामही मला हवं होतं.

उजळ करायचं तंत्र सोपं. फोटोचा कागद काचेखाली उन्हात ठेवतात आणि तो हळूहळू काळवंडत जातो. चौकटीचं मागचं झाकण अर्धं उघडून बघत राहायचं आणि हवा त्याहून जरा गडद झाला की काढायचा, कारण पुढे रंग खुलवणाऱ्या सोन्याच्या पाण्यात आणि फोटो पक्का करणाऱ्या हायपोत तो फिका पडतो. (त्या कागदाला अंड्यातल्या पांढऱ्याचा लेप असतो. ही गोष्ट मी ठाण्यात कुणालाही सांगितली नाही, नाहीतर पुस्तकाला कुणी हात लावला नसता.) मी शिरस्तेदारांच्या चिरंजिवांचा कागद लवकर काढला. पोरगा गोरा झाला. पण मागची चादरही गोरी झाली. पानावर इतर फोटोंशेजारी ठेवला तर भिंतीत खिडकी उघडावी तसा तो एकच लंबगोल लखलखत होता.

हेडमास्तरांना नेऊन दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "साहेब पहिल्यांदा हाच बघतील. विचारतील, हा कोण?"

"मग पहिल्यासारखा छापू?"

"नको, नको! बाकीचे याच्यासारखे करा. एकसारखे म्हटलंय ना मी!"

मी हुकूम पाळला. सगळी चूक त्यांची असं पुढे मी गावभर सांगितलं, पण खरं सांगायचं तर मलाही त्या दिवशी मजाच वाटली होती. चादरीचा तो फिका रंग नमुना धरला आणि उरलेले वीस पुन्हा छापले. प्रत्येकाची मागची चादर नमुन्याशी ताडून बघितली. सोन्याचं पाणी वापरता वापरता थकतं आणि शेवटचे फोटो तांबूस निघतात, म्हणून चार-चारच कागद बुडवले आणि दर खेपेला ताजं पाणी केलं. उभ्या आयुष्यात इतकं चोख काम मी केलं नसेल. एकवीसच्या एकवीस चेहरे पिठात लोळवल्यासारखे झाले. पांढरी उपरणी हवेत विरली आणि पांढऱ्यावर नुसती मुंडकी तरंगू लागली.

शिरस्तेदारांनी पुस्तक समारंभाच्या सकाळी बघितलं. "हे काय? सगळेच गोरे?"

"एकसारखे," मी म्हणालो.

"मग आमच्या गोरेपणाचा उपयोग काय?"

तेवढ्यात साहेब आले.

साहेबांनी पुस्तक उघडलं, दोन पानं चाळली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. समोर बाकांवर मुलं बसली होती, तिकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. हेडमास्तरांना इंग्रजीत विचारलं, "या शाळेत ताप फार आहे का?"

हेडमास्तर "यस सर" म्हणाले. साहेब काहीही म्हणाले तरी ते "यस सर"च म्हणत.

आठवड्याच्या आत सिव्हिल सर्जन शिपायासह शाळेत हजर झाले आणि एकवीसही मुलांना रांगेत उभं करून तापावरचं कडू कोयनेल पाजण्यात आलं. शिरस्तेदारांचे चिरंजीव रांगेतून सटकू बघत होते, पण हुकूम कलेक्टर कचेरीतून, त्यांच्या वडिलांच्याच सहीने निघाला होता. पहिल्या नंबराच्या पोराने घोट गिळला आणि डॉक्टरांना शांतपणे विचारलं, "आम्हाला झालंय काय?" डॉक्टरांनी हातातल्या कागदाकडे बघून सांगितलं, "पांडुरोग."

त्या दिवशी मात्र माझी मलाच लाज वाटली. घरी जाऊन मी त्याच काचांवरून मुलांचे खऱ्या रंगाचे फोटो पुन्हा छापले आणि प्रत्येकाला एकेक देऊन टाकला. शिरस्तेदारांनी त्यांचा परत पाठवला. मिठागरवाल्यांनी तो दोन्ही हातांत धरून उजेडाकडे नेला आणि ते म्हणाले, "आता वलखला."

पुढच्या वर्षी हेडमास्तरांनी मला पुन्हा बोलावलं. मी साचा, चादर, सगळं घेऊन गेलो. त्यांनी मला थेट मैदानात नेलं.

"यंदा चेहरे नकोत," ते म्हणाले. "इमारतीचा फोटो काढा. ती कुणाचा मुलगा नाही."

मी कॅमेरा लावला. तेवढ्यात ते धावत पुढे गेले आणि दारात मधोमध उभे राहिले.