मुठीपासून अडीच महिने

चतुराबाईंनी अर्धी ओसरी सारवली होती आणि अर्धी तशीच कोरडी, पोपडे आलेली होती. शेणाचा हात कोपरापर्यंत. तेवढ्यात जमीन संपादनाच्या ऑफिसचा शिपाई सायकल टेकवून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आत्ताच्या आत्ता साहेबांनी बोलावलंय. पीक काय आहे, कधी निघणार, ते सांगून जा."

मी तिथेच होते. आमचे हे कंपनीत फिटर, आणि आम्ही निगडीला नव्याने राहायला आलेलो. देवाला फुलं नि दूर्वा मी रोज चतुराबाईंच्या रानातून आणायचे. पैसे कधी घ्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "देवाला द्यायचं, त्याचं पैसं तुमच्याकडनं घिऊ? मंग पुण्य कुनाचं, तुमचं का माझं?"

साल शहात्तर. चतुराबाई तेव्हा पन्नाशीच्या आसपास. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. रान सासऱ्याच्या नावावरून दिराच्या नावावर गेलेलं, पण कसत होत्या त्या. वांगी, फ्लॉवर, कोबी, कडेने झेंडू. जमीन कागदावर दोन वर्षांपूर्वीच गेली होती. भरपाई दिराने घेतली, पंचनामे झाले, खांब रोवले. तिथे वसाहतीचे प्लॉट पडायचे होते. काम सुरू होईना, म्हणून चतुराबाई पेरत राहिल्या. कुणी हटकलं नाही.

"चला की वैनी संगं," त्या हात धूत म्हणाल्या. "मला तिथं अंगठा कुठं द्यायचा त्येबी कळत न्हाई."

सारवण तसंच टाकून आम्ही निघालो.

वाटेत त्या खुशीत होत्या. कारण होतं. एका कारखान्याचं कँटीन चालवणारे ठेकेदार हिंदुराव त्यांच्याकडे येऊन गेले होते. दिवाळीच्या आधी कँटीनमध्ये कामगारांना मोठं जेवण असायचं, त्याला ताजा फ्लॉवर हवा होता. हिंदुराव म्हणाले होते, "मावशी, एवढा माल वेळेवर पोचवून दाखवा. मग वर्षभर भाजीचं काम तुमचं. रान राहू दे नाहीतर जाऊ दे. मंडईतून घेऊन पोचवा, मला काय!"

रान गेल्यावर जगायचं कसं, याचं चतुराबाईंना मिळालेलं हे एवढंच उत्तर होतं. दिराच्या दारात जाऊन बसायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

ऑफिसात साहेब बोलायला बरे होते. वयाने तरुण, समोर नकाशा पसरलेला. "बाई, जमीन शासनाची झालीय. तरी उभं पीक मोडायचं आम्हालाही बरं वाटत नाही. रानात काय आहे?"

"फुलवर."

"कधी निघेल? नीट सांगा. जमीन सपाट करायचं यंत्र मी त्याच हिशेबाने मागवणार. एकदा तारीख लिहिली की ती वर जाते."

चतुराबाईंनी डोळे मिटले, बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. "मूठ धरली नागपंचमीच्या दुसऱ्या दिशी. पंचमीला जिमिनीला लोखंड लावीत न्हाईत ना, म्हून दुसऱ्या दिशी. मुठीपास्नं अडीच म्हैनं. म्हंजे दसरा झाला की फुलवर तयार. दिवाळीच्या आत रान मोकळं."

साहेबांनी कॅलेंडर पाहिलं. "अठरा ऑक्टोबर लिहू?"

"लिवा की."

मीही मान डोलावली. मला त्यातलं काय कळत होतं? मूठ धरणं मला ठाऊक होतं ते एवढंच, की नारळ फोडून, हळदकुंकू वाहून पहिल्या लागवडीला मुहूर्त करायचा. त्या दिवसापासून त्यांच्या घरात सगळं मोजत. तोडा कधी, माल मंडईत कधी, सगळं मुठीपासून. सासूने तसं शिकवलं होतं आणि तीस वर्षांत ते एकदाही चुकलं नव्हतं.

चुकलं ते हरितालिकेच्या दिवशी कळलं.

मी पत्री आणायला रानात गेले होते. उपास होता, उन्हाने डोकं गरगरत होतं. चतुराबाई ओल्या वाफ्यात वाकून फ्लॉवरची रोपं लावत होत्या. चार-पाच पानांची, बोटाएवढी रोपं. मी म्हटलं, "अगंबाई, अजून लावताय? मला वाटलं, फ्लॉवर मोठा झाला असेल."

त्या हसल्या. "व्हय, कालच पोटातनं आला न् आज घोड्यावर बसला. आवो, म्हैनाभर रोप वाफ्यात वाढतं, मंग रानात लावायचं."

आणि तिथेच थांबल्या. हातात रोपांची जुडी तशीच. तोंडावरचं हसू अजून गेलं नव्हतं, पण डोळे कुठेतरी दुसरीकडे लागले होते.

"वैनी," त्या हळू म्हणाल्या, "मूठ म्या बियाला धरली."

मला काही उमगलं नाही. मग त्या बांधावर बसून सांगू लागल्या, मला कमी नि स्वतःला जास्त. दर वर्षी त्या रोपं दिघीच्या धर्माजीकडून आणायच्या. बी टाकणं, रोप वाढवणं, सगळं धर्माजी करायचा. चतुराबाईंच्या रानात यायचं ते तयार रोप. म्हणून मूठ धरायची ती रोप लावताना. तिथून अडीच महिने, की फ्लॉवर. यंदा धर्माजीचंच रान गेलं. नव्या कारखान्याच्या कुंपणात त्याचे वाफे बुजले. मग चतुराबाईंनी बी विकत आणलं आणि पहिल्यांदाच घरी वाफा केला. कामाची सुरुवात म्हणून मूठ त्या दिवशी धरली. मोजायला बसल्या तेव्हा जीभ सवयीने म्हणाली, मुठीपासून अडीच महिने.

"रोपाचा म्हैना धर्माजीच्या रानात जायाचा," त्या म्हणाल्या. "माझ्या मोजणीत त्यो कधी आलाच न्हाई."

आज रोप लागलं. इथून अडीच महिने म्हणजे दिवाळी गेली, तुळशीचं लग्न गेलं, त्रिपुरी पौर्णिमाही गेली. यंत्र तर दिवाळीआधी येणार.

दुसऱ्या दिवशी गणपती बसले. त्याच्या पुढच्या दिवशी रविवार. सोमवारी आम्ही पुन्हा ऑफिसात. साहेबांनी ऐकून घेतलं, खरंच ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तारीख मी नाही दिली. तुम्हीच दिलीत."

"चुकली म्हनून तर आले. रोपाचा म्हैना धरायचा ऱ्हाईला."

"यंत्राचा नंबर लागलाय. तुमच्यानंतर दुसरं गाव, मग तिसरं. आता ते हलत नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पुढच्या वेळी धरा."

"फुडची येळ?" चतुराबाई म्हणाल्या. "साह्यब, कुठल्या रानात?"

साहेबांनी नकाशाची घडी घातली. वाईट माणूस नव्हता. हेच मला जास्त लागलं. रागवावं तर कुणावर?

मग हिंदुरावांकडे गेलो. कँटीनच्या मागल्या दारात ते कांद्याच्या पोत्यांवर बसले होते. "मावशी, मला जेवण दिवाळीआधीच घालायचंय. लवकर नाही का येणार? युरिया टाका की दाबून!"

"हिंदुराव, नऊ म्हैन्याचं प्वार बाईला दूध पाजून सात म्हैन्यांत हुतंय का? युरिया टाकला तर पाला माजंल. गड्डा त्याच्या येळंलाच धरनार."

तिथले आचारी हसले. हिंदुरावही हसले, पण म्हणाले, "मग अवघड आहे. मला दुसरा माणूस बघायला लागेल. राग मानू नका."

"राग कशाचा? तुमचंबी कँटीन हाय, आन आत्ता मंडईतनं घ्यायला माझ्याकडं पैका न्हाई," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून निघाल्या.

त्यानंतर आमचा सगळ्यांचा भरवसा एकाच गोष्टीवर. सरकारी काम कधी वेळेवर होतं का? आमचे हे म्हणाले, "अठराला म्हणालेत ना? मग पुढच्या होळीला येतील." शेजारीपाजारी तेच म्हणत. मी गणपतीला दूर्वांचा नेम धरला, नवरात्रात दिवा अखंड ठेवला. काय मागितलं, तर यंत्र बिघडू दे. देवाजवळ असलं मागावं का, हेही मनात आलं. तरी मागितलं.

पीक मात्र देखणं आलं. पानं रुंद, निळसर, दव पडलं की चांदीची. चतुराबाई रोज सकाळी ओळीतून फिरायच्या, पानं हलकेच बाजूला करून मधोमध बघायच्या. दसऱ्याला काही नाही. कोजागिरीला काही नाही. त्यानंतर पाच-सहा दिवसांनी मला हाक मारली, "वैनी, हिकडं या."

दोन पानांच्या मध्ये पांढरा ठिपका. सुपारीएवढाही नाही.

"धरला," त्या म्हणाल्या. आवाजात आनंद होता आणि तोच मला सहन झाला नाही. त्यांनी पान पुन्हा वर ओढून घेतलं, ऊन लागून पिवळा पडू नये म्हणून. जणू तो मोठा व्हायचाच होता.

अठरा तारखेला सोमवार होता. सकाळचे नऊ वाजले नव्हते, तेव्हाच यंत्र आलं. इतकं वेळेवर सरकारचं काही आलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. साहेब जीपमधून उतरले, बांधावरून रान बघून आले. मग म्हणाले, "दुपारपर्यंत थांबतो. काय काढून घेता येईल ते घ्या."

"काय काडू?" चतुराबाईंनी एक रोप मुळासकट उपटलं, पानं फाकवून त्यांच्यापुढे धरलं. आतला गड्डा लिंबाएवढा, घट्ट, पांढराशुभ्र. "आनखी तीन आठवडं पायजे हुते साह्यब. तीनच."

साहेब जीपकडे वळले. ड्रायव्हर मात्र बिडी ओढत म्हणाला, "मावशी, आता पाला तरी न्या. जनावरं खातील."

आम्ही चौघींनी विळे घेतले. मी, दोन शेजारणी, त्या. वाकून वाकून कापत राहिलो. लिंबाएवढे गड्डे पानांसकट ढिगात पडत होते. कुणीच वेगळे काढले नाहीत. चतुराबाई एका लयीत कापत होत्या, रोज कापावं तसं. एकदाही रडल्या नाहीत. दुपारी यंत्र सुरू झालं तेव्हा निम्मं रान उरलं होतं. पहिला पट्टा गेला तसा ओल्या मातीचा आणि चिरडलेल्या पाल्याचा उग्र वास सुटला. त्या बांधावर उभ्या राहून बघत होत्या. बांधही थोड्या वेळाने जाणारच होता.

मी म्हटलं, "देवाची इच्छा." माझं मलाच ते पोकळ वाटलं.

"देवाला कशाला बोल लावता," त्या म्हणाल्या. "त्यानं फुलवर बराबर येळंला धरला. म्याच चुकीच्या दिसापास्नं मोजलं."

दोन दिवसांवर वसुबारस होती. घरी येऊन मी देवापुढे बसले, पण जपात मन लागेना. संध्याकाळी पुन्हा गेले तर चतुराबाई पाय धूत होत्या. ओसरीवर पाल्याचा ढीग छपराला लागला होता, खालून गरम व्हायला लागला होता. असा राहिला तर उद्यापर्यंत सडणार.

"जेवलात का?" मी विचारलं.

"जेवीन मंग," त्यांनी पदराला हात पुसले, चपला पायात सरकवल्या. "आदी भागूबाईच्या गोठ्यावर जाऊन येते. म्हशींसाठी पाला नेती का इचारते."

आणि त्या निघाल्या.