गोमतीबाईंचं तिरपं पांघरूण

कुडव्याच्या गोमतीबाई पटले विणायला बसल्या की घरातली सगळी माणसं मनातल्या मनात नमस्कार करत. विणकामाला नव्हे, त्याच्या नशिबाला. बाईंचा हात देखणा होता, पण शेवट त्यांना मानवत नसे. एका बाहीचा स्वेटर, अंगठ्याविना हातमोजे, कानटोपीचं फक्त कान झाकणारं अंग, अशी त्यांची कीर्ती पार देवरीला, लेकीच्या सासरी पोचली होती.

त्यामुळे २००४ च्या हिवाळ्यात मंजू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तिला सोडायला आलेल्या विहीणबाई धुरपताबाई परतताना गाडीत बसता बसता म्हणाल्या, "विहीणबाई, नातवंडाले पांघरूण मीच आणतो. तुमचं होईस्तोवर पोरगं शाळेत जाईन."

गोमतीबाईंनी तिथेच, चालत्या जीपमागे धावत, प्रतिज्ञा केली. "बारशाले माझंच पांघरूण राहीन!"

प्रतिज्ञा मोठी, आणि नमुना त्याहून मोठा. रेल्वे क्वार्टरातल्या एका पंजाबी बाईंनी तो शिकवला, शेजारी बसून पहिली रांग विणून घेतली आणि लगेच बदली होऊन त्या निघून गेल्या. दिसायला चटईसारखी वीण, पण विणायची एकसंध. आधी खाली त्रिकोणांची ओळ. मग प्रत्येक त्रिकोणाच्या कडेवरून नवे टाके उचलायचे आणि त्यावर तिरपा चौकोन वाढवायचा. दर दुसऱ्या ओळीच्या शेवटी सुईवर थांबलेला शेजारचा एक टाका सोबत विणून घ्यायचा, म्हणजे दोन्ही चौकोन जोडले जातात. पुढच्या रांगेचे चौकोन उलट दिशेला झुकतात.

"सरळ काहीच नाही का यात?" नवरा कुंजीलाल चहाचा कप धरून म्हणाला. "तुया स्वभावासारखं हाय."

"तुमाले का समजते जी? धान पाहा आपलं."

बाळ झालं, मुलगी. पांघरूण वाढत होतं, पण एके दिवशी गोमतीबाईंनी ते खाटेवर पसरलं आणि सगळे वाकून बघू लागले. पहिली रांग सपाट. दुसरी किंचित फुगीर. तिसरी आणि चौथी तर भजी तळल्यासारखी टम्म.

"पांघरूण हाय का समोस्याचं ताट?" कुंजीलाल म्हणाला, आणि लगेच घाबरून उपायही सुचवला. धानाची दोन पोती आणून त्याने पांघरुणावर ठेवली. सकाळी पोती हलवली, तर पांघरूण पुन्हा फुगलं, वर त्याला कोंडा लागला.

मंजू हळूच म्हणाली, "राहू दे आई. सासूबाई आणतच हायेत."

हे मात्र लागलं. गोमतीबाई बाळाच्या पाळण्यापाशी बसल्या, पहिली रांग एका मांडीवर, दुसरी दुसऱ्या मांडीवर घेऊन बोटाने कड चाचपू लागल्या. पहिल्या रांगेत पंजाबी बाई शेजारी होत्या. तेव्हा कडेच्या प्रत्येक साखळीतून एकच टाका उचललेला. साखळी दोन ओळींची, म्हणून आठ टाक्यांच्या, सोळा ओळींच्या चौकोनाच्या बाजूवर आठच टाके. पुढे मात्र साखळ्यांच्या मधे जिथे जिथे फट दिसली, तिथेही आपण सुई घातली होती! फट दिसली की रोप टोचायचं, ही धानाच्या रोवणीची सवय. उभ्या जन्मात शेताच्या बांधीत रिकामी जागा सोडली नव्हती, ती लोकरीत कशी सोडणार? आठाचे बारा झाले आणि वरच्या रांगेने तीच गर्दी आणखी वाढवली.

"धान लावून बसली मी," त्या हसतच उठल्या. आणि सगळ्यांदेखत पहिल्या रांगेपर्यंत पांघरूण उसवलं. कुंजीलालने लोकरीचा गोळा गुंडाळताना मान वळवली. त्याला बघवेना.

बारशाच्या दिवशी धुरपताबाई आपल्या पांघरुणाची पिशवी घेऊन उतरल्या. अंगणात बाया जमल्या, पाळणा सजला. गोमतीबाई मात्र विणतच होत्या. वरची दातेरी कड भरून काढणारे शेवटचे त्रिकोण चालू होते, आणि एक राहिला होता.

"नाव ठेवाचं का त्रिकोण मोजाचे?" एक बाई म्हणाली.

पिशवीकडे धुरपताबाईंचा हात गेला. मग त्यांचं लक्ष सुईकडे गेलं. उचललेले टाके कमी कमी होत एकावर येत होते. त्यांनी पिशवी बाजूला सारली आणि बाळाला मांडीवर घेतलं.

"थांबा वं बायांनो. विहीणबाई शेवटाले आल्या हायेत. असं रोज नाही होत."

अंगणभर हशा झाला, आणि गोमतीबाई सर्वांत मोठ्याने हसल्या. शेवटच्या टाक्यातून लोकर ओढली, कात्री मारली. पांघरूण कडेपासून कडेपर्यंत सपाट होतं. धुरपताबाईंनी ते स्वतःच्या हाताने बाळाभोवती गुंडाळलं, कोपरे दाबले, आणि मग आत्याने वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं.