वॉर्डातल्या मावशीचे एक पान

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मी इस्पितळात होते, तेव्हा ती पहिल्यांदा नजरेत भरली. समोरच्या खाटेवरच्या आजी कुणालाच अंगाला हात लावू देत नसत. ही आली, पडदा ओढला आणि म्हणाली, "आजी, आधी डावा हात धरणार, मग कुशीवर वळवणार. नको वाटलं तर ओरडा, मी घाबरत नाही." आजी ओरडल्या नाहीत. वॉर्डात मदतनीस बायकांना सगळे मावशी म्हणत. ही तिशीतली, म्हणून धाकटी मावशी.

मी शिक्षिका होते हे तिला कळलं आणि घरी परतल्यावर महिन्याभरात ती दारात हजर. परिचारिका अभ्यासक्रमात वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांसाठी थोड्या जागा राखीव असतात. अर्जासोबत एक पानभर स्वतःविषयी लिहून द्यायचं. गेल्या वर्षी तिचा अर्ज त्या पानावरच अडला होता. "कामांची यादी वाटते" असा शेरा मिळाला होता. वयाच्या अटीमुळे यंदाची संधी शेवटची.

तिने आणलेलं पान वाचलं. "मी सहा वर्षे वॉर्डात आहे. मी रुग्णांना अंघोळ घालते. मी त्यांना भरवते. मी चादरी बदलते." अगदी शेवटपर्यंत असंच. सगळी वाक्यं एकाच उंचीची, सगळ्यांच्या तोंडाशी 'मी'.

मी तसं सांगितलं, तर तिला नवल वाटलं. वॉर्डात पाळी बदलताना काय केलं ते सांगावं लागतं, आणि नुसतं 'पाणी दिलं' म्हटलं की मोठ्या सिस्टर विचारतात, कुणी दिलं? सहा वर्षांत जिभेला वळणच तसं पडलेलं.

दुसऱ्या खेपेला तिने सगळे 'मी' काढून टाकले. "रुग्णांना भरवले जाते. चादरी बदलल्या जातात."

"यात तू कुठे आहेस?" मी विचारलं.

"तुम्हीच हाकलून दिलंत की."

चूक माझ्या सांगण्यातही होती. मी चष्मा पुसला आणि वाक्यं लहानमोठी करून बघ म्हटलं. तिसऱ्या खेपेला तिने 'आणि' लावत अर्धं पान एकाच वाक्यात गुंफून आणलं. मोठ्याने वाचायला लावलं, तर मध्येच थांबून म्हणाली, "बाई, ऑक्सिजन लावा."

दोघीही हसलो, पण डोळे तिचे दमलेले होते. घरी सासूबाई रोज विचारत, एका पानासाठी इतका जीव कशाला काढायचा. मला राहवेना. मीच लिहून देऊ का, असं विचारलं. तिने पान माझ्या हातातून काढून घेतलं.

"मग मुलाखतीलाही तुम्हालाच पाठवावं लागेल. गुडघा नवाच आहे, जाल."

तेव्हा मी कागद बाजूला ठेवायला लावला आणि विचारलं, नर्स व्हावंसं कधी वाटलं ते नुसतं सांग. तिने एका आजोबांची गोष्ट सांगितली. सांगताना कधी आजोबा पुढे येत, कधी ताट, कधी सिस्टर. लांबलेल्या वाक्यामागून एखादं तुटक वाक्य आपसूक यायचं. मी म्हटलं, हेच लिही. वाक्याची सुरुवात ज्याच्याकडे बघायचं त्याच्यापासून कर. लांब वाक्यात घडलेलं सांग, मनाला लागलेलं छोट्यात.

त्यानंतर आठवडाभर कामावरून सुटली की ती थेट माझ्याकडे यायची, वाचायची, खोडायची. शेवटी पान असं सुरू झालं:

"पक्षाघात झालेले एक आजोबा ताटाच्या उजव्या बाजूचेच जेवत आणि डावीकडचे तसेच ठेवत. नखरे आहेत असे मला वाटे. एकदा सिस्टरनी येऊन ताट फिरवले, तर उरलेलेही त्यांनी निमूटपणे संपवले, कारण त्यांना आपली डावी बाजू जाणवतच नव्हती. मी चुकले होते. इतकी वर्षे हातांनी जे करत आले, त्यामागचे कारण मला शिकायचे आहे."

"मी चुकले होते" हे वाक्य गाळलं तर अर्जाला बरं, असं मला वाटलं. तसं सुचवलंही.

ती म्हणाली, "नाही बाई. बाकीचे 'मी' गेले तरी चालतील. कोण चुकलं ते इथे कळलंच पाहिजे."

वाक्य राहिलं. पुन्हा वाचलं तेव्हा कळलं, पानाचा सगळा भार त्या तीन शब्दांवरच होता. आजूबाजूला दुसरे 'मी' उरले नव्हते, म्हणून तो एक ऐकू येत होता.

मुलाखतीत परीक्षकांनी आधी आजोबांचंच विचारलं. निवड झालेल्यांच्या यादीत तिचं नाव खालून दुसरं होतं.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी वर्ग असतात, आणि दुपारी ती हाडांच्या वॉर्डात जखमांच्या पट्ट्या बदलायला शिकते.