पंचेचाळीस नव्हे, त्रेचाळीस

माझी विद्यार्थिनी मुंगी माझ्या डोळ्यात भरली ती शाळेच्या प्रयोगशाळेत. कागदावर पेन्सिलीने काढलेल्या एका फुलीकडे ती टक लावून बघत होती. अकरावीचा साधा प्रयोग होता. फुलीवर चंचुपात्र ठेवायचं, दोन द्रावणं एकत्र ओतायची आणि तयार होणाऱ्या गंधकाने फुली दिसेनाशी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. तीस अंशांना चव्वेचाळीस सेकंद लागले, चाळीस अंशांना बावीस. बाकीच्या मुलींनी आकडे उतरवले आणि त्या डब्यांकडे वळल्या. ही तिथेच.

तिने विचारलं, दहा अंश वाढले तर रेणू किती जास्त जोरात पळतात? मी म्हटलं, शंभराला जेमतेम दोन.

"मग बाई, काम दुप्पट कसं झालं?"

पुस्तकात उत्तर होतं, पण या वर्गाला ते पचत नसे. म्हणून मी त्यांना माझं उदाहरण सांगत असे. समजा, मधल्या सुट्टीत निम्म्या मुली हातात बाटली घेऊन पळताहेत आणि निम्म्या मुली तिचं घट्ट बसणारं झाकण घेऊन. टकरी तर सतत होतात. पण झाकण बसायला दोन गोष्टी जमाव्या लागतात. टक्कर पुरेशा जोराची हवी, आणि झाकण बाटलीच्या तोंडावरच यायला हवं. बुडाला आपटलं तर कितीही जोर लावा, उपयोग शून्य. तापमान वाढलं की टकरींची संख्या फारशी वाढत नाही. पुरेशा जोराने आपटणाऱ्या मूठभर टकरी असतात ना, त्यांचा वाटा वाढतो, आणि तोच दुप्पट होतो. तोंडावर येणं न येणं मात्र रेणूच्या आकारावर असतं. तिथे गरम करून काही साधत नाही.

तिने हे ऐकून घेतलं. सावकाश, न थांबता एकेक दाणा ओढत नेणारी म्हणून मुलींनी तिला मुंगी नाव ठेवलं होतं. आठवड्याने ती परत आली आणि म्हणाली, "बाई, तोंडावर किती येतात ते कोणी मोजलंय का?"

मी म्हटलं, मोजतात. पुढे शिकलीस तर तूही मोजशील. शिक्षक असं हजार वेळा बोलतो आणि विसरतो. ती विसरली नाही.

विद्यापीठात तिने संशोधनाला तोच विषय घेतला. तिच्या मार्गदर्शकांना सगळे मोठे सर म्हणत. अंगानेही मोठे आणि हसणंही मोठं. काम असं होतं. एका रेणूसाठी दिशेचा हिशेब दुसऱ्या एका प्रयोगशाळेने आधीच लावलेला होता. पुरेशा जोराच्या दोनशे टकरींत एक नीट तोंडावर येते. मुंगीने त्याच रेणूचा लठ्ठ भाऊ घेतला. तोंडाशीच अणूंचा मोठा पुंजका अडकवलेला. तिचं म्हणणं, या पुंजक्यामुळे वाट फारच अरुंद होणार.

हे थेट मोजता येत नाही. पाच वेगवेगळ्या तापमानांना अभिक्रियेचा वेग मोजायचा आणि आलेख काढायचा. तापमानाबरोबर वेग किती झपाट्याने वाढतो, यावरून रेणूंना किती उंच टेकडी चढायची आहे ते कळतं. टेकडी कळली की पुरेशा जोराच्या टकरी किती ते कळतं. तिच्या अभिक्रियेत तर शंभर लाख कोटी टकरींत एखादी. आणि त्यातल्याही जितक्या वाया जातात, तितका दोष दिशेचा.

अभिक्रिया मंद होती. एकेका मोजणीला दिवस जात. पंचवीस अंशांपासून पंचेचाळीसपर्यंत पाच ठिपके मिळवायचे, आणि मग खात्रीसाठी तेच पुन्हा, पुन्हा. रविवारी कधी माझ्याकडे आली की चहाचा कप तसाच ठेवून बोलत राहायची. घरी वडील गेले होते. आई, दादा आणि वहिनी होते. वहिनी मनाने वाईट नव्हती, पण जीभ तिखट. पाहुण्यांना सांगायची, "आमच्या वन्सं आठ वर्षं झाली पाणी कोमट करतायत. अजून उकळी नाही." मुंगी हे मला हसत सांगायची. खरंच हसत.

आठव्या वर्षी उत्तर आलं. पाच हजारांत एक. पाचही ठिपके पट्टीने आखावेत तसे एका रेषेत. मोठ्या सरांनी त्यावर दोन लेख छापले. एका महाविद्यालयाने तिला तात्पुरत्या जागेवर घेतलं आणि सांगितलं, वर्षअखेर पदवी हातात असेल तर जागा कायम, नाहीतर दुसऱ्या कोणाला. प्रबंध टंकून तयार होता. शेवटचं प्रकरण मी वाचलंही होतं. माझ्या काढण्यासारख्या चुका शुद्धलेखनाच्याच होत्या, त्या काढल्या.

शेवटची एक मोजणी पुन्हा करून घ्यावी म्हणून तिने गरम पाण्याच्या टाकीतून अभिक्रियेचं भांडं काढलं आणि ते तडकलं. उंच मानेचं, जुनं भांडं. तिने विद्यापीठाच्या काचकारागिराला दुसरं करायला सांगितलं. हा म्हातारा आयुष्यभर ज्योतीसमोर बसून नळ्या वाकवत आलेला. त्याने भांडं केलं आणि काच उरली होती म्हणून मनानेच बाजूला आणखी एक तोंड काढून दिलं. म्हणाला, "ताई, जुन्याच्या मानेत तुमची ढवळणी आणि नळीच मावत होती. थर्मामीटर बिचारा बाहेर टाकीत उभा. याला आत घ्या आता, किती दिवस दारात ठेवाल?"

तिने घेतला. टाकी पंचेचाळीस दाखवत होती. भांड्याच्या आतलं द्रावण त्रेचाळीस.

थर्मामीटर बिघडला असेल म्हणून तिने दुसरा लावला, मग तिसरा. त्रेचाळीस. टाकी पस्तिसावर आणली तर आत चौतीस. पंचवीसला आत-बाहेर सारखंच, कारण खोलीचं तापमानच तेवढं होतं. भांड्याची मान पाण्याबाहेर राहायची आणि तिच्यातून उष्णता निघून जायची. जितकं गरम, तितकी जास्त. म्हणून तर ठिपके कधी रेषेबाहेर गेले नव्हते. चूकही शिस्तीत वाढत होती.

ती माझ्याकडे आली तेव्हा चप्पल न काढताच आत बसली. तिने मला कागदावर मांडून दाखवलं. मी वीस वर्षं हेच शिकवलेलं, तरी मला दोनदा ऐकावं लागलं. भांडं पंचेचाळीसला आहे असं आपण समजलो, पण ते होतं त्रेचाळीसला. म्हणजे तापमानाने वेग खरा जितका वाढतो त्यापेक्षा कमी वाढला असं दिसलं. म्हणजे टेकडी खरी आहे त्यापेक्षा ठेंगणी वाटली. टेकडी ठेंगणी, तर पुष्कळ टकरी पुरेशा जोराच्या असणार. मग अभिक्रिया इतकी मंद का? तर दिशा जुळत नाही म्हणून. सगळं पाप दिशेच्या माथी. दोन अंशांच्या चुकीने तिथे वीस पटींचा फरक पडत होता.

"वीस पट म्हणजे?" मी विचारलं. उत्तर मला दिसत होतं, तरीही.

"म्हणजे अडीचशेत एक, बाई. साध्या भावासारखंच. पुंजका असून नसल्यासारखा. माझ्या प्रबंधात सांगण्यासारखं काहीच नाही."

जुनं भांडं फुटलेलं, त्यामुळे कोणत्या मोजणीच्या वेळी मान किती बाहेर होती ते काढता येईना. सगळं नव्याने करणं आलं. तिने केलं. सात महिने गेले. आलं दोनशे साठांत एक.

मोठ्या सरांशी काय बोलणं झालं ते तिने मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. सर ओरडले नाहीत. त्यांनी तिचे नवे आकडे नीट वाचले, चष्मा पुसला. म्हणाले, "तुझं बरोबर असेल. पण त्या दोन लेखांवर इथल्या चौघांचं अनुदान आहे. जुनंच दे. कोणी ते भांडं बघायला येत नाही."

ती म्हणाली, "मी बघितलंय ना, सर."

सर म्हणाले, मग माझी सही मिळणार नाही. आवाजात राग नव्हता. असता तर तिला सोपं गेलं असतं, असं मला वाटतं. एम.एस्सी.पासून धरून सरांनी तिला अकरा वर्षं शिकवलं होतं. वडील गेले तेव्हा स्मशानात येऊन उभे राहिले होते.

मी तिला काय सांगितलं, तेही लिहायला हवं. मी म्हटलं, जुनंच दे. जागा कायम होईल, मग पुढे दुरुस्ती छापता येईल. वर्गात वीस वर्षं 'निरीक्षण खरं लिहा' असं फळ्यावर लिहिणारी मी. तिने माझ्याकडे बघितलं. चहा मात्र त्या दिवशी पूर्ण प्यायली.

तिने लेख छापणाऱ्या नियतकालिकाला दुरुस्तीसाठी पत्र लिहिलं. पहिला लेखक सर असल्याने त्यांची संमती लागेल असं उत्तर आलं. संमती आली नाही. तिने पुन्हा लिहिलं, त्याला उत्तर आलं नाही. दुसरे मार्गदर्शक शोधले. एक म्हणाले, 'काही फरक पडत नाही' या निष्कर्षावर पदवी द्यायची कशी? दुसरे सरांचे मित्र निघाले. वर्ष संपलं आणि महाविद्यालयाची जागा दुसऱ्या एका मुलाला मिळाली. मुलगा हुशार आहे, मुंगीच सांगते.

सर निवृत्त झाले आणि दोन वर्षांत वारले. ती गेली होती शेवटचं दर्शन घ्यायला. परत येताना माझ्याकडे उतरली. मग मी आशेने विचारलं, आता तरी ती दुरुस्ती छापतील का? ती म्हणाली, आता संमती कोणाची मागायची हेच कोणाला ठाऊक नाही. पाच हजारांत एक हा आकडा एका मोठ्या पाठ्यपुस्तकाच्या तक्त्यात गेलाय. लोक त्यावरून पुढचे हिशेब करतात आणि त्यांचे आकडे जुळले नाहीत, की स्वतःच्या मोजणीत चूक शोधत बसतात. तिला तशी दोन पत्रं आली होती. दोघांनाही तिने सविस्तर लिहिलं. एकाने आभार मानले आणि म्हणाला, छापील काही असेल तर पाठवा.

काचकारागिराला तिने कधी सांगितलं नाही, त्या जास्तीच्या तोंडाने काय झालं ते. त्याला वाटत राहिलं, ताईंचं काम सोपं केलं. एकदा भेटला तेव्हा विचारत होता, "झाली का मग पदवी?" तिने "होईल" म्हटलं.

वहिनीने कोमट पाण्याचा विनोद सोडून दिला आहे. जेवताना मुंगीच्या पानात न विचारता आणखी एक पोळी वाढते. मुंगीला हे विनोदापेक्षा जड जातं.

मुंगी आता सत्तेचाळीस वर्षांची आहे. एका महाविद्यालयाच्या भांडारात ती मुलांना काचसामान देते आणि परत घेते, सोमवार ते शनिवार, दहा ते साडेपाच.