पत्राची पोच

साताऱ्याजवळच्या ज्या पुठ्ठ्याच्या बॉक्सच्या कारखान्यात मी नोकरी करत होतो, तिथे माणूस सोडून गेला की मालक म्हणायचे, "तो विषय संपला." मग त्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. त्याची खुर्ची दोन दिवस कोपऱ्यात तोंड करून ठेवायची आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी बसायला ओढून न्यायची, एवढा आमचा निरोप समारंभ. दादांचा विषय मात्र तसा संपेना.

दादा आमच्याकडे सोळा वर्षं बाहेरचं काम बघायचे. बाहेरचं म्हणजे ग्राहकांकडे जाणं, ऑर्डर आणणं, माल पोचला की विचारपूस करणं. एका वर्षी मालक पुण्याला दोन दिवसांच्या एका शिबिराला गेले आणि आल्यावर त्यांनी नियम काढला की दादांनी प्रत्येक ग्राहकाच्या दारात उभं राहून स्वतःचा फोटो काढायचा आणि मोबाईलवर पाठवायचा. बावन्न वर्षांच्या माणसाने पंधरा दिवस तसे फोटो पाठवले. सगळ्या फोटोंत चेहरा एकच, लग्नात जेवायला कुणी बोलावलं नाही तसा. सोळाव्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला आणि कोल्हापूरच्या एका बॉक्स कारखान्यात रुजू झाले. म्हणजे समोरच्याच पंगतीत जाऊन बसले.

आता खरा घोर होता अण्णांचा. अण्णा सांगलीचे बेदाण्याचे मोठे व्यापारी. हंगामात त्यांच्याकडे जाणारे पंधरा किलोचे बॉक्स हीच आमची वर्षभराची भाकरी. अण्णा दादांच्या मागोमाग कोल्हापूरला गेले असते तर आमच्या दोन मशिनी झाकून ठेवाव्या लागल्या असत्या. दादांच्या जागी मला नेमलं होतं. मी अकरा वर्षं गेटवर उभा राहून गाडीत बॉक्स मोजून भरणारा माणूस. मालकांनी स्वच्छ सांगितलं, "अण्णा राहिले तर तू या खुर्चीत. अण्णा गेले तर परत गेटवर." बायकोला मी फक्त पहिलं वाक्य सांगितलं.

मग अण्णांना पाठवायचं पत्र तयार झालं. पुण्याच्या शिबिरात मिळालेला एक नमुना होता, त्यात मालकांनी आपला मसाला घातला. दोन दिवस ते पत्र लिहीत होते. 'आपले पूर्वीचे संपर्क प्रतिनिधी वैयक्तिक कारणास्तव कार्यमुक्त झाले आहेत.' पुढे माझं नाव, आणि माझ्याबद्दल 'अनुभवी, तत्पर व आपल्या गरजांची संपूर्ण जाण असलेले'. शेवटी, 'आपणांस सेवेत कोणताही बदल जाणवणार नाही, याची आम्ही हमी देतो.' वाचून मला माझ्याविषयी आदर वाटायला लागला. मी विचारलं, "साहेब, दादांचं नाव नको का घालायला?"

"नाव घातलं की नंबर आठवतो," मालक म्हणाले. "आणि ऐक. तिथं 'माहीत नाही' हा शब्द काढायचा नाही. आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊन ये, सही-शिक्क्यानिशी. पुढच्या महिन्यात आपल्या दर्जाच्या प्रमाणपत्राची तपासणी आहे. माणूस बदलला की ग्राहकाची पोच फायलीत लागते."

अण्णांची हंगामातली पहिली ऑर्डर फोनवर आधीच आली होती. त्यांची ऑर्डर म्हणजे आकडा आणि पुढे दोन शब्द, "नेहमीचं पाठवा." मी फाईल काढली, 'नेहमीचं' म्हणजे काय ते पाहिलं, कागद मशिनीवर दिला आणि एक किलो कंदी पेढे घेऊन सांगलीच्या एसटीत बसलो. वाटेत पत्र चारदा वाचलं. कराडपर्यंत मी नुसता अनुभवी होतो, इस्लामपूर मागे पडेस्तोवर तत्परही झालो.

अण्णांच्या गोदामात लांब टेबलांवर बायका बेदाणा निवडत होत्या. अण्णा आत गादीवर बसले होते, सत्तरीचे, पांढरा शर्ट, समोर वजनकाटा. त्यांच्या मागच्या भिंतीवर ताजा फोटो लावलेला होता. त्यात अण्णा दादांना शाल आणि नारळ देत होते. सत्कार आठवड्यापूर्वीच झाला होता. दादा गेल्याची बातमी द्यायला मी पेढे घेऊन गेलो होतो आणि तिथे माणसं त्या सत्काराचं जेवण पचवून मोकळी झाली होती.

तरी मी पत्र दिलं. अण्णांनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं, टेबलावरच्या बायकांनाही ऐकू जाईल असं. 'संपूर्ण जाण' या शब्दांवर ते थांबले.

"मग सांगा बघू," ते म्हणाले, "आमचा बॉक्स कसा असतोय?"

मला उलट आनंद झाला. फाईल तोंडपाठ होती. "पाच पदरी, पंधरा किलोचा, दोन रंगांत छपाई, जोडाला पिना."

"पिना," अण्णा म्हणाले. मग त्यांनी शेजारच्या ढिगातला गेल्या हंगामातला एक रिकामा बॉक्स ओढून माझ्या मांडीवर ठेवला. "दावा की पिना."

मी बॉक्स चारी बाजूंनी फिरवला. पिना नव्हत्या. अकरा वर्षं मी गठ्ठे मोजले होते, जोड कधी पाहिला नव्हता. बॉक्सच्या दोन बाजू जिथे जोडतात तिथे सरळ गोंद लावलेला होता.

"आवं, बेदाणा हाय ह्यो," अण्णा शांतपणे म्हणाले. "पिन निसटून आत पडली तर कुणाच्या तरी पोराच्या दातात जाईल. शीतगृहात ठेवला की पिनंला गंज चढतोय ते येगळंच. बारा वरसं झाली, आमी पिन बंद केली. तुमच्या दादानं फाईलीत लिवलं न्हाई व्हय?"

दादांनी लिहिलं नव्हतं. ते दरवेळी ऐनवेळी मशिनीवर फोन करायचे, "अण्णांचं गोंदानं रं." फाईल बारा वर्षांपूर्वीची होती आणि 'नेहमीचं' दादांच्या डोक्यात होतं. ते डोकं आता कोल्हापूरला होतं आणि फोन आला नाही की मशीनवाले कागदावर असेल तेच करायचे. याच घटकेला साताऱ्यात मशीन अण्णांच्या बॉक्सना पिना मारत असणार होती. बाहेर जाऊन फोन करावा असं मनात आलं. मग वाटलं, आता झाकून काय उपयोग? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी तिथेच, अण्णांच्या समोर, मशिनीवरच्या फोरमनला फोन लावला.

"अण्णांचं काम थांबवा. जोड गोंदानं करायचाय. किती झाले? चारशे? ते बाजूला काढा." आणि फोन ठेवून म्हणालो, "अण्णा, मला माहीत नव्हतं. अजून काय काय माहीत नाही, तेही माहीत नाही."

टेबलावरची एक बाई हसली. अण्णा हसले नाहीत. त्यांनी पेढ्याचा बॉक्स उघडला, एक मला दिला, एक स्वतः घेतला. मी दबकत दुसरी प्रत पुढे केली, "एवढी पोच."

"कशाची?" अण्णा म्हणाले. "ह्यात लिवलंय, बदल जाणवणार न्हाई. पयल्याच घासाला खडा लागला. माल येऊ दे, मग बघू."

परतीच्या एसटीत मी दादांना फोन केला. मालकांच्या नियमाने हा गुन्हाच होता. दादांनी एका शब्दानेही टोचलं नाही. समोरच्या पंगतीतला माणूस मला अर्धा तास आमचंच गिऱ्हाईक शिकवत होता. छापलेले बॉक्स दोन दिवस वाऱ्यावर ठेव, नाहीतर शाईचा वास बेदाणा ओढतो. गाडीत कांद्याशेजारी भरू देऊ नको. दुपारी एक ते तीन फोन करायचा नाही. जेवायला न्यायचं मनात आलं तर दिवस मावळायच्या आत, ते जैन आहेत, नंतर खात नाहीत. मी तिकिटाच्या पाठीवर लिहीत होतो, ते पुरेना तेव्हा मालकांच्या पत्राच्या पाठीवर लिहायला लागलो.

शेवटी दादांनी विचारलं, "पत्रात माझ्याबद्दल काय लिहिलंय रे?"

खोटं बोलायची संधी होती, पण आज माझा दिवस तसला नव्हता. "वैयक्तिक कारणास्तव कार्यमुक्त," मी म्हणालो. "नाव नाही."

"बरं," ते म्हणाले. "गोंद सुकल्याशिवाय गठ्ठे बांधू नका." मला फार वाईट वाटलं. सोळा वर्षं माणूस उन्हातान्हात फिरला आणि पत्रात त्याचा फक्त हुद्दा उरला, तोही 'पूर्वीचे' लावून.

माल सहाव्या दिवशी गेला. गाडीबरोबर मी गेलो. अण्णांनी एक बॉक्स उचलून आत नाक घातलं, जोड नखाने उचकटून पाहिला, बॉक्स पालथा करून त्यावर उभे राहिले. सत्तरीचा माणूस आणि ते पाच पदर दोघेही टिकले. "ठीक हाय," ते म्हणाले. मी पुन्हा ती प्रत पुढे केली.

"सही करतो," अण्णा म्हणाले. "पर कागद बदलून आणा. गेलेल्या माणसाचं नाव ह्यात न्हाई. आमच्या घरात माणूस सोळा वरसं जेवला, त्याला काय नाव न्हाई व्हय? तुमी उद्या गेला तर तुमचं बी असंच लिवतील. तवा मी कुणाला इचारायचं?"

साताऱ्याला येऊन मी मालकांना सांगितलं. ते भडकले. नाव घालायचं नाही, म्हणाले. मी म्हणालो, "मग पोच नाही." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, जिथे तपासणीच्या तारखेला लाल गोल केला होता. जी गोष्ट माणुसकीने झाली नसती, ती फायलीने झाली. "तूच लिही," ते म्हणाले. "मला वाचायला देऊ नको, नुसतं सहीला आण."

मी लिहिलं. दादांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. सोळा वर्षं आपलं काम पाहिलं. कोल्हापुरात नोकरीला गेले आहेत. जोड गोंदाचा असतो हे बारा वर्षं त्यांनीच सांभाळलं. माझ्याबद्दल एक ओळ, मी नवा आहे, चुकलो तर फोन करा. हमीची ओळ काढून टाकली. मालकांनी सही केली.

अण्णांनी पोच दिली, शिक्क्यासकट. त्याची एक प्रत मी पोस्टाने दादांना पाठवली. त्यांनी ती मिळाल्याचं कधी सांगितलं नाही. पुढच्या हंगामात मी कोल्हापूरला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा त्यांच्या घरी डोकावलो. दारासमोरच्या भिंतीवर अण्णा शाल देतानाचा तो फोटो होता आणि त्याच्या खाली आमच्या कारखान्याचं पत्र फ्रेममध्ये लावलेलं.

या आठवणीत मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. जिथे लिहायला हवं होतं, तिथे लिहिलं आहे.